गुडघ्याची दुखापत आणि विमा कंपनीला लिहावयाचे दाव्याचे पत्र

महाविद्यालयीन स्पर्धेत जायबंदी झालेल्या विद्यार्थ्याचा विमा दावा अडतो, तेव्हा दुखापत झालीच नाही असे विमा कंपनीचे म्हणणे क्वचितच असते. वाद असतो तो ही दुखापत अपघाताने झाली की गुडघा आधीपासून बिघडलेला होता, याबद्दल. अनेक आरोग्य विमा पॉलिसींमध्ये गुडघ्यातील अंतर्गत बिघाडावरील उपचारांसाठी प्रतीक्षा कालावधी, बहुधा दोन वर्षांचा, असतो. अपघातामुळे उपचार करावे लागल्यास मात्र तो लागू होत नाही. पत्राचे मुख्य काम त्यामुळे अपघात सिद्ध करणे हे ठरते.

विमा व्यवहारात अपघात म्हणजे बाह्य, दृश्य व जोरदार कारणाने घडलेली अचानक, अनपेक्षित आणि अनैच्छिक घटना. "सामना खेळताना गुडघा दुखावला" या वाक्यात यातील काहीच स्पष्ट होत नाही.

उदाहरणादाखल, आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धेत १२ जानेवारी रोजी एका विद्यार्थ्याच्या उजव्या गुडघ्याचे एसीएल हे लिगामेंट तुटले आणि २० फेब्रुवारीला शस्त्रक्रिया झाली, असे समजू. महाविद्यालयाने विद्यार्थ्यांचा सामूहिक विमा उतरवलेला आहे. प्रथम त्या पॉलिसीत रुग्णालयाचा खर्च समाविष्ट आहे का, हे पाहावे. कित्येक सामूहिक अपघात पॉलिसी केवळ मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांचीच भरपाई देतात. खर्चाची तरतूद असेल, तर पत्राचा गाभा असा असावा :

"महोदय, दि. १२ जानेवारी रोजी दुपारी सुमारे ३ वाजून २० मिनिटांनी उपांत्यपूर्व सामन्यात मी चढाई करीत असता प्रतिस्पर्धी खेळाडूने माझा उजवा घोटा पकडला व दुसरा खेळाडू गुडघ्यावर आदळला. गुडघा पिळवटून मी खाली पडलो व मला उठता आले नाही. पंचांनी सामना थांबवला. त्याच दिवशी सायंकाळी रुग्णालयात तपासणी झाली. दि. १५ जानेवारीच्या एमआरआय अहवालात एसीएल तुटल्याचे नमूद आहे. सूज उतरून गुडघ्याची हालचाल पूर्ववत होईपर्यंत थांबण्याचा सल्ला अस्थिरोगतज्ज्ञांनी दिल्याने शस्त्रक्रिया दि. २० फेब्रुवारी रोजी झाली. यापूर्वी या गुडघ्यावर कोणतेही उपचार झालेले नाहीत."

यातील शस्त्रक्रियेच्या विलंबाचे वाक्य सहसा गाळले जाते आणि तेच महागात पडते. सूज व ताठरपणा कमी होईपर्यंत काही आठवडे थांबण्याची पद्धत वैद्यकीयदृष्ट्या रूढ आहे. परंतु कागदांवर केवळ दोन तारखा दिसल्या, तर मधल्या काळाविषयी शंका घेतली जाते. शेवटचे वाक्य खरे असेल तरच लिहावे. जुनी दुखापत दडवणे हे दावा नाकारण्याचे सबळ कारण ठरू शकते.

पत्राला बळ देतात ते त्याच दिवशीचे कागद. सामन्याचे गुणपत्रक, पंचांचे वा क्रीडा संचालकांचे लेखी निवेदन आणि पहिल्या तपासणीचा केसपेपर यांवरील तारीख व वेळ जुळली पाहिजे. एमआरआयमध्ये हाडातील ताजी सूज दिसत असेल, तर दुखापत जुनी नसल्याचा तो चांगला पुरावा होय. रुग्णालयातून निघण्यापूर्वी डिस्चार्ज समरी वाचून घ्यावी. तीत केवळ "इंटर्नल डिरेंजमेंट ऑफ नी" असा शेरा असेल, तर "खेळताना झालेली दुखापत" आणि तिची तारीख नमूद करण्याची विनंती डॉक्टरांना तेथेच करावी. नंतर केलेली दुरुस्ती संशयास्पद ठरते. मूळ बिले, बसवलेल्या स्क्रूचे स्टिकर, बोनाफाईड प्रमाणपत्र आणि दाव्याचा अर्ज सोबत जोडावा. पॉलिसी महाविद्यालयाच्या नावे असल्याने पत्र प्राचार्यांच्या मार्फत पाठवणे योग्य. घटनेची सूचना मात्र कंपनीला लगेच द्यावी, शस्त्रक्रियेची वाट पाहू नये.

संपूर्ण बिल मिळेल ही अपेक्षा मात्र ठेवू नये. गुडघ्याला बांधावयाचा पट्टा, म्हणजे नी ब्रेस, सर्वसाधारणपणे न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत येतो.

साहसी खेळांच्या अपवादाचे कारण पुढे आले, तर त्या कलमाचे शब्द तपासावेत. प्रमाणित कलम व्यावसायिक म्हणून धोकादायक खेळांत भाग घेणाऱ्यांना लागू होते व गिर्यारोहण, मोटार शर्यत, स्कूबा डायव्हिंग अशी उदाहरणे देते. महाविद्यालयासाठी कबड्डी खेळणारा विद्यार्थी व्यावसायिक नव्हे.

दावा नाकारल्यास कारण लेखी मागावे आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक वाटल्यास विमा लोकपालांकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही, वकीलही लागत नाही. कंपनीने अंतिम नकार कळवल्यापासून एक वर्षाच्या आत ही तक्रार दाखल व्हावी लागते.