बीएमआय : डायलिसिस व सूज असलेल्या रुग्णांतील वजन

शरीरवस्तुमान निर्देशांक (बीएमआय) काढताना किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात. या आकड्यावरून शरीरातील चरबी व मांस यांचा अंदाज बांधायचा असतो. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या अंगात पाणी साठते आणि काट्यावर तेही वजन म्हणून मोजले जाते. एक लिटर पाणी म्हणजे साधारण एक किलो. म्हणून अशा रुग्णाचा बीएमआय सूज नसतानाच्या वजनावर, म्हणजे ‘ड्राय वेट’वर काढतात.

ड्राय वेट : डायलिसिसनंतर ज्या वजनाला सूज नसते, धाप लागत नाही, रक्तदाब आटोक्यात असतो आणि पायात गोळे किंवा चक्करही येत नाही, ते रुग्णाचे ड्राय वेट. ते थेट मोजता येत नाही. डॉक्टर लक्षणे पाहून, थोडेथोडे कमी-जास्त करून ते ठरवतात. डायलिसिस संपल्यावर काट्यावर दिसणारे वजन दर वेळी तेवढेच असेल असे नाही. रक्तदाब उतरल्यामुळे किंवा रुग्ण वेळेआधी उठल्यामुळे ठरलेले पाणी पूर्ण निघाले नाही, तर ते वजन ड्राय वेटपेक्षा जास्त भरते.

उदाहरण : रुग्णाची उंची १६० सेंमी., म्हणजे १.६ मीटर आहे, तिचा वर्ग २.५६. डायलिसिसला येताना वजन ६१ किलो, संपल्यावर ५९ किलो आणि ठरलेले ड्राय वेट ५८ किलो. बीएमआय अनुक्रमे २३.८, २३.० आणि २२.७ येतो. फरक दिसायला लहान आहे, पण मूत्रपिंडविकारातील कुपोषण ओळखण्याच्या आंतरराष्ट्रीय निकषांत (२००८) सूजविरहित वजनावरील बीएमआय २३ पेक्षा कमी असणे ही एक खूण धरली आहे. येतानाचे वजन घेतले तर ती खूण दिसत नाही. ड्राय वेट घेतले तर दिसते. निदान मात्र या एका आकड्यावर होत नाही. रक्तातील अल्ब्युमिन, घटलेले स्नायू आणि आहार यांचाही विचार करावा लागतो.

न बदललेले ड्राय वेट : वरील रुग्ण न्यूमोनियाने दोन-तीन आठवडे अंथरुणाला खिळला, जेवण सुटले आणि ३ किलो मांस व चरबी झडली, असे समजू. डायलिसिसच्या कागदावर ड्राय वेट ५८ हेच राहिले, तर यंत्र दर वेळी ५८ किलोवरच थांबवले जाते आणि झडलेल्या मांसाची जागा पाणी घेते. काटा तोच, बीएमआय तोच २२.७, खरे ड्राय वेट मात्र ५५ किलो आणि खरा बीएमआय २१.५ असतो. ५८ किलोवरही घोट्याला सूज येणे, रक्तदाब चढत जाणे आणि आडवे पडल्यावर धाप लागणे यांवरून हे ओळखता येते. कपडे किंवा अंगठी सैल होणे हीही सूचना असते. उलटही घडते: भूक सुधारून अंगावर मांस चढले आणि ड्राय वेट वाढवले नाही, तर डायलिसिसच्या शेवटी गोळे येतात व रक्तदाब कोसळतो. म्हणून आजारपण किंवा रुग्णालयातील मुक्कामानंतर आधी ड्राय वेट पुन्हा ठरवून मग बीएमआय काढावा लागतो.

पोटातून डायलिसिस : येथे द्रव पोटात सोडून काही तास ठेवतात. मोठ्या माणसात एका वेळचा द्रव बहुधा सुमारे २ लिटर असतो. म्हणून बीएमआयसाठी द्रव बाहेर काढून, पोट रिकामे असताना वजन करतात. ते शक्य नसेल, तर द्रवाचे वजन वजा करतात. याशिवाय अंगावर सूज असेल, तर तीही वेगळी पाहावी लागते.

जलोदर : यकृताच्या सिरोसिसमध्ये पोटात पाणी साचते. ते काढल्यानंतर केलेले वजन किंवा पाणी साचण्यापूर्वी नोंदवलेले वजन उपलब्ध असेल, तर ते वापरतात. नसेल तर युरोपीय यकृततज्ज्ञांच्या मार्गदर्शनानुसार सौम्य जलोदरात ५, मध्यम जलोदरात १० आणि तीव्र जलोदरात १५ टक्के वजन वजा करतात. दोन्ही पायांवर सूज असल्यास आणखी ५ टक्के. उदाहरणार्थ, ७० किलो वजनाच्या, मध्यम जलोदर व दोन्ही पायांना सूज असलेल्या रुग्णाचे १५ टक्के, म्हणजे १०.५ किलो वजा करून ५९.५ किलो धरतात. उंची १६५ सेंमी. असेल, तर बीएमआय २५.७ वरून २१.९ वर येतो. ही टक्केवारी ढोबळ असते, म्हणून असा बीएमआय अंदाजी असल्याचे लिहून ठेवतात.

नोंद : बीएमआयसोबत कोणते वजन घेतले आणि ते कोणत्या तारखेचे, हे लिहिले नाही, तर दोन महिन्यांच्या आकड्यांतला फरक मांसाचा की पाण्याचा, हे सांगता येत नाही. वजन शक्यतो त्याच काट्यावर, हलक्या कपड्यांत आणि डायलिसिसनंतर करतात.

मर्यादा : योग्य वजन घेतले तरी बीएमआय चरबी आणि स्नायू वेगळे दाखवत नाही. पोट सुटलेल्या पण हातपाय बारीक झालेल्या रुग्णाचा आकडा ठीक दिसू शकतो. अशा वेळी दंडाचा घेर आणि मुठीची ताकद मोजणे उपयोगी पडते.