कागदावरचा नकाशा आणि जागेवरचा स्लॅब : सदनिका आरक्षित करण्यापूर्वी

महाड शहरातील काजळपुरा भागातील 'तारिक गार्डन' ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी सायंकाळी कोसळली आणि १६ रहिवाशांना प्राण गमवावे लागले. इमारत जुनाट नव्हती. ती उभी राहून जेमतेम दशकही लोटले नव्हते. तिचे बांधकाम स्थावर संपदा कायदा, म्हणजेच 'रेरा', १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू होण्यापूर्वीचे. त्यानंतर महाड किंवा पोलादपूर येथे घर घेणाऱ्याच्या हाती तपासणीची काही साधने आली आहेत. ५०० चौरस मीटरहून अधिक भूखंडावरील आणि आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी 'महारेरा'कडे केल्याशिवाय विकासकाला जाहिरात वा विक्री करता येत नाही. मंजूर नकाशे आणि दर तिमाहीस बांधकामाची प्रगती जाहीर करणेही त्याच्यावर बंधनकारक आहे. मात्र या माहितीचा उपयोग ती वाचता आली तरच होतो.

पहिली बाब नकाशाची. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तळमजल्यावर वाहनतळ आणि वर चार मजले असलेल्या इमारतीतील सदनिका '६५० चौरस फूट' म्हणून ३,५०० रुपये दराने देऊ केली आहे. किंमत २२ लाख ७५ हजार रुपये. नोंदणीतील तपशिलात मात्र चटईक्षेत्र ४२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४५२ चौरस फूट आढळते. चटईक्षेत्रात सदनिकेतील आतल्या भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी व खुली गच्ची धरली जात नाही. या हिशेबाने प्रत्यक्ष दर चौरस फुटास सुमारे ५,०३० रुपये पडतो. दोन प्रकल्पांची तुलना याच दराने करावी. जाहिरातीतील नकाशात पलंग व सोफे अनेकदा लहान आकारात काढलेले असतात. त्यामुळे चित्रावर विसंबू नये, खोल्यांची मापे वाचावीत.

दुसरी बाब प्रगतीची, कारण हप्ते तिच्याशी बांधलेले असतात. करार नोंदवण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. राज्याच्या नमुना करारनाम्यानुसार एकूण वसुली करारानंतर ३० टक्के, जोते पूर्ण झाल्यावर ४५ टक्के आणि सर्व स्लॅब झाल्यावर ७० टक्के यांहून अधिक असू नये. वरील इमारतीत पाच स्लॅब आहेत. स्लॅबचे २५ टक्के समान वाटल्यास प्रत्येकी ५ टक्के होतात. म्हणजे चौथा स्लॅब पडल्यावर ६५ टक्के, अर्थात १४ लाख ७८ हजार ७५० रुपये देय ठरतात. चौथा स्लॅब हे तिसऱ्या मजल्याचे छत असते. मागणीपत्रात 'चौथा स्लॅब' असताना जागेवर दुसऱ्या मजल्याचेच छत दिसत असेल, तर एका स्लॅबचे १ लाख १३ हजार ७५० रुपये आगाऊ मागितले जात आहेत, असा त्याचा अर्थ.

तिसरी बाब जागेच्या भेटीची. ती नमुना सदनिका पाहून संपवू नये. वाहनतळातील खांब निरखावेत, कारण वरच्या भिंतींचा आधार तेथे नसतो आणि सारा भार खांबांवर येतो. काँक्रीटमधून खडी उघडी पडलेली किंवा सळई बाहेरून दिसणारी जागा सिमेंटने नुसती लिंपलेली असेल, तर संरचना अभियंत्याचा अभिप्राय मागावा. साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारणे आवश्यक असते; ओली पोती वा साठवलेले पाणी दिसते का, ते पाहावे. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस, तर त्याहून मोठ्या स्लॅबखालचे चौदा दिवस ठेवावे लागतात. प्लॅस्टर झाल्यावर यांपैकी बहुतेक खुणा झाकल्या जातात. म्हणून पहिली भेट त्यापूर्वीच व्हावी.

महाडमध्ये आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो. जुलै २०२१ मध्ये सावित्री व गांधारी नद्यांच्या पुराने शहरातील तळमजले पाण्याखाली गेले होते. त्या पुराची खूण शेजारच्या भिंतींवर कोठे होती, हे स्थानिकांकडून जाणून घ्यावे आणि वीजमीटर, पंप व उद्वाहनाची यंत्रणा त्या पातळीच्या वर आहे का, हे तपासावे. पोलादपूरच्या बाजूला उतारावरील प्रकल्पात डोंगर कापून काढलेल्या भागाची संरक्षक भिंत आणि तिच्यातील पाणी निघण्याची छिद्रे पाहावीत.

या तपासणीला मर्यादाही आहेत. महारेराची नोंदणी म्हणजे बांधकामाच्या दर्जाची हमी नव्हे. प्रगतीचे दाखले विकासकाकडूनच सादर होतात. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत संरचनेतील दोष लक्षात आणून दिल्यास तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी कायद्याने विकासकावर टाकली आहे. त्यासाठी प्रत्येक भेटीची दिनांकित छायाचित्रे आणि जाहिरातीची प्रत जपून ठेवणे ग्राहकाच्याच हिताचे ठरते.