गाभाज्ञान
गाभाज्ञान म्हणजे भाषा येण्यापूर्वीच तान्ह्या मुलाला भोवतालच्या जगाविषयी असणारी प्राथमिक समज. वस्तू अखंड असते, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी अधलेमधले अंतर टाळून पोचत नाही, दुसऱ्या भरीव वस्तूच्या आरपार जात नाही, या अपेक्षा त्यात येतात. ही कल्पना मुख्यतः अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्के यांनी मांडली.

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांना मुले झाकलेली वस्तू साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून शोधताना दिसली. त्याआधी खुळखुळा डोळ्यांदेखत दुपट्याखाली सारला, तरी मूल दुपटे ओढत नाही. यावरून पियाजे यांनी निष्कर्ष काढला की, दिसेनाशी झालेली वस्तू त्याच्या लेखी उरतच नाही. पण शोधण्यासाठी हात पुढे करणे, दुपटे बाजूला करणे, मग वस्तू धरणे अशा हालचालींची जुळणी लागते. समज आहे, पण हाताला जमत नाही, अशीही शक्यता राहते. म्हणून संशोधक हाताऐवजी नजरेकडे वळले: अपेक्षेबाहेरचे काही दिसले, तर मूल त्याकडे जास्त वेळ पाहील, हा त्यामागचा विचार.

रने बायार्झाँ, स्पेल्के आणि स्टॅन्ली वॉसरमन यांचा 1985 चा प्रयोग या पद्धतीचा नमुना मानला जातो. आईच्या मांडीवर बसलेल्या पाच महिन्यांच्या मुलासमोर एक पडदा मेजावर आडवा पडलेला असे. तो उभा राहून मागच्या बाजूस पूर्ण आडवा होई, म्हणजे 180 अंश फिरे, आणि परत येई. मूल कंटाळून कमी वेळ पाहू लागेपर्यंत हे दाखवले जाई. मग पडद्याच्या वाटेत मुलाला दिसेल अशी पेटी ठेवत. पडदा उभा राहिला की पेटी झाकली जाई. एका दृश्यात तो पेटीशी अडून मागे फिरे. दुसऱ्यात जणू पेटी नाहीच असा पुरता आडवा होई. पेटी गुपचूप खाली उतरवलेली असे.

युक्ती इथेच आहे. पूर्ण फेरा मुलाच्या सरावाचा, अर्धवट फेरा नवा. नुसते नावीन्य खेचत असते, तर नजर अर्धवट फेऱ्यावर रेंगाळली असती. मुले मात्र पूर्ण फेऱ्याच्या अशक्य दृश्याकडे जास्त वेळ पाहत राहिली. बायार्झाँ यांनी 1987 मध्ये पेटी न ठेवता दोन्ही फेरे दाखवले, तेव्हा असा फरक दिसला नाही. साडेतीन महिन्यांच्या मुलांपैकी लवकर सरावणाऱ्यांतही पेटी असताना तोच कल आढळला.

आक्षेपही भक्कम आहेत. मूल पुरते सरावलेले नसेल, तर ते ओळखीच्या दृश्याकडेच अधिक पाहते, आणि इथे ओळखीचे दृश्य तेच अशक्य दृश्य होते. शिवाय पूर्ण फेऱ्यात हालचाल जास्त असते. सुसान रिव्हेरा आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये सरावाचा टप्पा वगळला, तेव्हा साडेपाच महिन्यांची मुले, पेटी असो वा नसो, पूर्ण फेऱ्याकडेच जास्त वेळ पाहत होती. अधिक पाहणे म्हणजे आश्चर्य, असे त्यामुळे थेट म्हणता येत नाही. मात्र हा आक्षेप एका मांडणीपुरता आहे. लपलेल्या वस्तूंच्या इतर मांडण्यांतून मिळालेला पुरावा त्याने खोडला जात नाही. त्यांतल्या प्रत्येक मांडणीचे नियंत्रण स्वतंत्रपणे तपासावे लागते.