गुण कशाचा?

गुडघा दुखणारा रुग्ण पीआरपीबद्दल विचारतो तेव्हा बहुतेक वेळा एक्स-रे त्याच्या हातात असतो आणि प्रश्न ठरलेला असतो: "गादी झिजलीय म्हणतात. ही सुई घेतली तर गादी परत येईल का?" या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्टांनी हा प्रश्न नीट ऐकून घ्यावा. रुग्ण कूर्चेबद्दल विचारतो आहे, आणि आपल्या हातात असलेला बराचसा पुरावा दुखण्याबद्दलचा आहे.

पीआरपी तयार करायला फारसे अवघड नाही. रुग्णाचेच रक्त काढायचे, ते गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घालायचे आणि नळी सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायची. तांबड्या पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर प्लाझ्मा राहतो. दोहोंच्या मध्ये पांढऱ्या पेशी आणि बिंबिका म्हणजे प्लेटलेट्स यांचा पातळ थर येतो. तो थर किती घ्यायचा, पांढऱ्या पेशी ठेवायच्या की गाळायच्या, एकदा फिरवायचे की दोनदा, यावर सिरिंजमध्ये काय उतरते ते ठरते. प्लेटलेट्समधून वाढीला चालना देणारी प्रथिने सुटतात. प्रयोगशाळेत त्यांचा कूर्चेच्या आणि स्नायुबंधाच्या पेशींवर परिणाम दिसतो, आणि या उपचाराबद्दलची आशा तिथूनच आली. मात्र बशीतल्या पेशींवर दिसलेला परिणाम आणि माणसाच्या गुडघ्यातला परिणाम यांत बरेच अंतर आहे.

हे अंतर समजण्यासाठी दोन अभ्यास शेजारी ठेवून पाहू. पहिला चंदीगडच्या पीजीआयमधला, 2013 साली प्रसिद्ध झालेला. त्यात दोन्ही गुडघ्यांचा संधिवात असलेले 78 रुग्ण होते. काहींना पीआरपीची एक सुई दिली, काहींना दोन, आणि 23 जणांना नुसते सलाइन. दुखणे आणि हालचाल मोजणाऱ्या वोमॅक मापावर गुण जितके कमी तितके बरे. सहा महिन्यांनी एक सुई घेतलेल्यांचे गुण सुमारे 50 वरून 27 वर उतरले, तर सलाइन घेतलेल्यांचे सुमारे 45 वरून 53 वर चढले. आकडे पाहून कोणाचाही विश्वास बसेल.

दुसरा अभ्यास ऑस्ट्रेलियातला, रिस्टोअर नावाचा, 2021 साली 'जामा'मध्ये आलेला. त्यात पन्नाशी ओलांडलेले 288 रुग्ण होते आणि सर्वांचा संधिवात सौम्य ते मध्यम होता. आठवड्याला एक याप्रमाणे तीन सुया दिल्या, निम्म्यांना पीआरपीच्या आणि निम्म्यांना सलाइनच्या. वर्षाअखेर दहापैकी मोजलेले दुखणे पीआरपी गटात 2.1 ने आणि सलाइन गटात 1.8 ने उतरले. एमआरआयवर गुडघ्याच्या आतल्या बाजूची कूर्चा पीआरपी गटात 1.4 टक्के घटली, सलाइन गटात 1.2 टक्के. दोन्ही मोजमापांत फरक योगायोगाने पडावा एवढाच होता.

हे दोन अभ्यास वाचताना मी आधी सलाइन गटाकडे पाहतो, आणि नवशिक्यांनीही हीच सवय लावून घ्यावी. पीआरपी घेतलेल्यांना दोन्हीकडे बरे वाटले. फरक पडला तो सलाइनवाल्यांचे काय झाले यात. सलाइन टोचलेल्या गुडघ्याला सहसा बरे वाटते. माणूस दुखणे कळसाला गेले असताना दवाखान्यात येतो आणि तिथून ते बरेचदा आपोआप उतरते. सुईची अपेक्षा, डॉक्टरांनी दिलेला वेळ आणि सोबतचा व्यायाम यांचाही वाटा असतो. ज्या अभ्यासात सलाइन गट सुधारण्याऐवजी बिघडतो, तिथे गट किती लहान होता आणि सुईत काय आहे हे रुग्णापासून खरोखर लपले होते का, असे विचारावे. तुलनेला काहीच नसलेली "आमच्याकडे दहातल्या आठांना गुण येतो" ही माहिती खरी असू शकते, पण तो गुण कशाचा हे ती सांगत नाही.

रिस्टोअरवर एक आक्षेप आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. तिथल्या पीआरपीत प्लेटलेट्स जेमतेम सव्वातीन लाख प्रति मायक्रोलिटर होत्या, म्हणजे साध्या रक्ताहून फारशा जास्त नाहीत. पाच मिलिलिटरच्या सुईत त्या साधारण 160 कोटी भरतात. एका सुईत हजार कोटी प्लेटलेट्स हव्यात असे काही संशोधक मानतात. त्यांचे म्हणणे खरे निघेलही, पण त्यासाठी तो डोस देऊन, तितकीच मोठी आणि तितकीच नीट झाकलेली तुलना पुन्हा करावी लागेल. आणि आपल्या सिरिंजमधल्या प्लेटलेट्स ज्याने कधी मोजल्याच नाहीत, त्याने हा आक्षेप पुढे करू नये. मार्गदर्शक तत्त्वांतही एकमत नाही. अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्ये गुडघ्यासाठी पीआरपीविरुद्ध ठाम शिफारस केली. त्यामागचे एक मोठे कारण हेच होते, की प्रत्येकाचे पीआरपी वेगळे. तिथल्याच अस्थिशल्यतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 मध्ये मर्यादित पुराव्याच्या आधारे त्याला जागा ठेवली.

स्नायुबंधांची गोष्ट फार वेगळी नाही. टाचेच्या अकिलीस स्नायुबंधासाठी 2010 साली नेदरलँड्समध्ये 54 रुग्णांवर पीआरपी आणि सलाइनची तुलना झाली. दोन्ही गटांना व्यायाम दिला होता, दोन्ही सुधारले आणि सारखेच सुधारले. टेनिस एल्बोवरच्या 32 अभ्यासांचा कोक्रेनने 2021 मध्ये आढावा घेतला, तेव्हा रुग्णाला जाणवेल असा फायदा बहुधा नाही असेच निघाले. इथे एक बारकावा लक्षात ठेवावा. पीआरपीची तुलना स्टेरॉइडशी केली तर वर्षाअखेर पीआरपी सरस दिसते, पण टेनिस एल्बोत स्टेरॉइड वर्षभराने सलाइनपेक्षाही वाईट ठरल्याचे दाखले आहेत. त्यामुळे स्टेरॉइडवर मिळालेला विजय पीआरपीच्या खात्यात मांडता येत नाही. स्टेम सेलच्या नावाने होणाऱ्या सुयांबद्दल थोडक्यात सांगायचे तर, अस्थिमज्जा, चरबी आणि नाळ यांपासून बनवलेल्या तीन प्रकारांची 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात 475 रुग्णांवर स्टेरॉइडशी तुलना झाली आणि वर्षभराने एकही सरस ठरला नाही. आपल्याकडे आयसीएमआरच्या नियमांनुसार गुडघ्यासाठी स्टेम सेल संशोधनाबाहेर देणे अनैतिक ठरते.

मग रुग्णाला सांगायचे काय? समजा, अठ्ठावन्न वर्षांच्या एक शिक्षिका आल्या आहेत. एक्स-रेवर दुसऱ्या श्रेणीची झीज आहे, जिना उतरताना दुखते, आणि शेजारणीला पीआरपीने गुण आला आहे. मी त्यांना साधारण असे सांगतो: "ताई, गादी परत येत नाही. चांगल्या अभ्यासात एमआरआय काढून पाहिले, तर कूर्चा दोन्हीकडे सारखीच घटली. दुखणे कमी होऊ शकते, पण साध्या मिठाच्या पाण्याच्या सुईनेही जवळजवळ तितकेच कमी झाले होते. दोन-तीन दिवस सांधा ठणकेल. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर प्रकरण गंभीर असते. पैसे तुमच्या खिशातून जातील. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम तीन महिने नीट झालाय का, ते आधी पाहू."

बऱ्याच जणी इथे विचारतात, "म्हणजे घेऊ नको का?" याचे उत्तर आपण ठरवून देऊ नये. व्यायाम झाला आहे, वजनाकडे लक्ष दिले आहे, शस्त्रक्रियेची वेळ आलेली नाही, आणि हे सगळे ऐकूनही त्यांना प्रयत्न करायचा असेल, तर सुई देण्यात मला गैर वाटत नाही. पण तीन सुयांचे पॅकेज आगाऊ विकण्याला माझा विरोध आहे. चंदीगडच्या अभ्यासातही दोन सुयांनी एकीपेक्षा जास्त काही साधले नव्हते.

सुई द्यायचीच तर तिची नोंद ठेवावी: रक्त किती घेतले, पीआरपी किती मिलिलिटर निघाले, त्यात प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी किती होत्या. त्या दिवशी जिना उतरताना दहापैकी किती दुखत होते, ते ताईंच्याच तोंडून ऐकून केसपेपरवर लिहावे. तीन महिन्यांनी तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारावा. आकडा दोनने उतरला नसेल, तर दुसरी सुई सुचवू नये.