ऑयलर परिपथ

ऑयलर परिपथ : आलेखातील प्रत्येक कडेवरून नेमके एकदाच जाऊन, निघालो त्याच शिरोबिंदूवर परत आणणारी बंद फेरी. येथे आलेख म्हणजे काही बिंदू (शिरोबिंदू) आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा (कडा) यांची रचना. समीकरणावरून चौकटीच्या कागदावर काढतात तो आलेख वेगळा. शिरोबिंदूला जितक्या कडांची टोके येऊन मिळतात, ती संख्या म्हणजे त्याची कोटी. एखादी कड ज्या बिंदूतून निघते त्यालाच परत मिळत असेल, तर तिची दोन्ही टोके मोजावयाची, म्हणजे ती कोटीत दोनाची भर घालते.

कसोटी : आलेखातील सर्व कडा एकमेकींशी जोडलेल्या असतील आणि प्रत्येक शिरोबिंदूची कोटी सम असेल, तर ऑयलर परिपथ असतो, एक जरी कोटी विषम निघाली, तर तो नसतो. प्रत्यक्ष मार्ग शोधण्यापूर्वीच, केवळ टोके मोजून हा निर्णय करता येतो.

सम कोटी का लागते हे लगेच ध्यानात येते. फेरी करताना एखाद्या बिंदूत आपण एका कडेने शिरतो आणि दुसऱ्या कडेने बाहेर पडतो, म्हणजे प्रत्येक खेपेला त्या बिंदूच्या दोन कडा खर्ची पडतात. आरंभबिंदूची पहिली आणि शेवटची कड यांचीही अशीच जोडी लागते. सगळ्या कडा संपवावयाच्या तर प्रत्येक ठिकाणी त्या जोडीजोडीनेच असल्या पाहिजेत. नेमक्या दोन शिरोबिंदूंची कोटी विषम असेल, तर एकीकडून निघून दुसरीकडे संपणारी उघडी वाट मिळते, बंद फेरी मिळत नाही. विषम शिरोबिंदू एकच आहे असे कधीच घडत नाही, कारण प्रत्येक कडेला दोन टोके असल्याने सर्व कोटींची बेरीज कडांच्या दुप्पट, म्हणून सम असते. मोजणीत एकच विषम बिंदू आला, तर कोठेतरी मोजण्यात चूक झाली आहे असे खुशाल समजावे.

हात न उचलता, रेघ न गिरवता उघडे पाकीट काढण्याचे कोडे शाळेच्या वह्यांतून परिचित आहे : आयत, त्याचे दोन कर्ण आणि वर त्रिकोणी झाकण. खालच्या दोन्ही कोपऱ्यांची कोटी 3, वरच्या दोन्हींची 4, झाकणाच्या टोकाची 2. कर्ण छेदतात तो बिंदू वेगळा धरला तरी त्याची कोटी 4, म्हणजे समच. म्हणून हे चित्र खालच्या एका कोपऱ्यातून सुरू केले तर दुसऱ्या कोपऱ्यात पुरे होते. झाकणाच्या टोकापासून सुरुवात करणारा मात्र कितीही प्रयत्न केले तरी अडकतो. झाकण काढून टाकले की चारही कोपऱ्यांची कोटी 3 होते आणि चित्र एका रेघेत काढणेच अशक्य होते.

इतिहास : प्रश्नाचा उगम प्रशियातील क्योनिग्सबर्ग (आताचे रशियातील कालिनिनग्राद) येथील प्रेगेल नदीवरच्या सात पुलांत आहे. क्नाइपहोफ बेट (अ), नदीचे दोन काठ (ब, क) आणि दोन प्रवाहांमधील पूर्वेकडचा भूभाग (ड) असे चार भूभाग या पुलांनी जोडलेले होते. अ–ब दोन, अ–क दोन आणि अ–ड, ब–ड, क–ड प्रत्येकी एक अशी पुलांची मांडणी होती. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरता येईल का, असा प्रश्न होता.

लेओनहार्ट ऑयलर यांनी याचे उत्तर 1735 मध्ये सेंट पीटर्सबर्ग अकादमीपुढे मांडले. तो निबंध 1741 मध्ये छापून निघाला. त्यांच्या निबंधात ठिपके आणि रेषा कोठेही नाहीत. भूभागांची अक्षरे ओळीने लिहून त्यांनी मार्ग दाखविला. सात पूल ओलांडले तर ओळीत आठ अक्षरे येतात. अ ला पाच पूल आहेत, म्हणून अ हे अक्षर तीनदा यावेच लागते. ब, क, ड यांना तीन-तीन पूल, म्हणून त्यांपैकी प्रत्येक अक्षर दोनदा. बेरीज नऊ होते, जागा आठच आहेत. म्हणून असा मार्ग नाही. ठिपके-रेषांचे आजचे परिचित चित्र त्यानंतर दीडेकशे वर्षांनी रूढ झाले.

सर्व कोटी सम असल्या की परिपथ असतोच, ही उलट बाजू ऑयलर यांनी जवळजवळ सिद्धतेवाचून सोडली आहे. त्याच दोन भूभागांमधल्या पुलांच्या जोड्या मनातल्या मनात काढून टाकाव्या, मग उरलेल्यांतून मार्ग सहज सापडेल, एवढीच सूचना निबंधाच्या शेवटी येते. पूर्ण सिद्धता कार्ल हीरहोल्त्सर या जर्मन गणितज्ञाची आहे. ती त्यांनी सहकाऱ्यांना तोंडी समजावून सांगितली होती. लिहून काढण्यापूर्वीच 1871 मध्ये त्यांचे निधन झाले. क्रिस्टियान वीनर यांनी याकोब ल्यूरोट यांच्या मदतीने ती आठवणीतून उभी केली आणि 1873 मध्ये ती हीरहोल्त्सर यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. या प्रमेयाचे श्रेय वाटताना हे नाव मागे पडते, ते पडू नये. परिपथ प्रत्यक्ष हाती देणारी रीत त्यांचीच आहे.

हीरहोल्त्सर यांची रीत : क्योनिग्सबर्गच्या चारही कोटी (5, 3, 3, 3) विषम आहेत. अ–ब आणि क–ड असे दोन पूल वाढविले की त्या 6, 4, 4, 4 होतात. पुलांना क्रमांक द्यावे : 1, 2 अ–ब, 3, 4 अ–क, 5 अ–ड, 6 ब–ड, 7 क–ड, नवे 8 अ–ब आणि 9 क–ड.

अ पासून निघून न वापरलेल्या कोणत्याही पुलाने चालत राहावे :

अ 1 ब 2 अ 3 क 4 अ 5 ड 6 ब 8 अ

येथे अ चे सहाही पूल संपले आणि चाल थांबली. ती अ वरच थांबणार हे ठरलेले असते, कारण इतर सम बिंदूंत शिरल्यावर बाहेर पडण्यास एक कड उरतेच. 7 आणि 9 मात्र राहून गेले. त्यांचे एक टोक क आपल्या फेरीत आहे. तेथून क 7 ड 9 क अशी छोटी फेरी काढून मोठ्या फेरीत क आले त्या जागी ती घालावी :

अ 1 ब 2 अ 3 क 7 ड 9 क 4 अ 5 ड 6 ब 8 अ

नऊही पूल एकेकदा आले. कडा अधिक असल्या तर हीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते. कडा उरलेल्या असून फेरीला स्पर्श करणारी त्यांतली एकही नाही, असे आलेख जोडलेला असेपर्यंत होऊ शकत नाही.

नवे पूल न बांधता 8 म्हणजे अ–ब मधलाच एक पूल दुसऱ्यांदा ओलांडणे आणि 9 म्हणजे 7 पुन्हा ओलांडणे असे मानले, तर हीच ओळ सात पुलांच्या मूळ शहरात नऊ ओलांडण्यांत घरी परत आणते. चार विषम भूभागांच्या दोन जोड्या लावाव्याच लागतात, म्हणून याहून कमी ओलांडण्यांत बंद फेरी होत नाही. टपाल वाटणाऱ्याने सर्व रस्ते घेऊन कमीत कमी चालावे कसे, हा ‘चिनी पोस्टमनचा प्रश्न’ चिनी गणितज्ञ ग्वान मेईगू यांनी 1960 च्या सुमारास मांडला, तो याच विचाराचा विस्तार आहे. तेथे रस्त्यांची लांबीही मोजावी लागते.

मर्यादा : केवळ कोटी पाहून फसगत होते ती आलेख तुटक असताना. एकमेकांना न जोडलेल्या दोन त्रिकोणांत सहाही कोटी 2 आहेत, तरी परिपथ नाही. म्हणून जोडणी आधी तपासावी. एकही कड नसलेला एकटा बिंदू मात्र आड येत नाही.

दिशायुक्त आलेख : एकदिशा मार्गांच्या जाळ्यात प्रत्येक शिरोबिंदूत येणाऱ्या आणि तेथून निघणाऱ्या कडांची संख्या सारखी असावी लागते.

हॅमिल्टन परिपथ : प्रत्येक कडेऐवजी प्रत्येक शिरोबिंदूला एकदाच भेट देणारी फेरी, तिच्यासाठी कोटींवरून निर्णय देणारी अशी पूर्ण कसोटी नाही.