कव्हर लेटर (संशोधन साहाय्यक पदासाठीचे)

संशोधन साहाय्यक पदाच्या अर्जात स्ववृत्ताच्या वर जोडायचे पत्र. शक्यतो एका पानात बसवतात. काय शिकलो, कोणती कामे हाताने करता येतात आणि कधीपासून किती वेळ देता येईल, हे त्यात सांगायचे असते. मराठीत की इंग्रजीत लिहावे, हे जाहिरातीच्या भाषेवरून ठरवणे बरे.

अभ्यासक्रम : गुणपत्रिकेतील सगळे विषय उतरवू नयेत. प्रकल्पाशी जुळणारे दोन-तीन घेऊन प्रत्येकात काय लिहिले वा वाचले ते सांगावे.

पद्धती : पत्राचे वजन इथे ठरते. खारेपाटणचा एक पदवीधर कोकणातील शिलाहारांच्या लेखांवरील प्रकल्पासाठी अर्ज करतो आहे, असे धरू. ‘पुराभिलेखांची आवड आहे’ या वाक्यातून निवडणाऱ्याला काही कळत नाही. गावच्याच दोन ताम्रपटांवर त्याला काम दाखवता येते. रट्टराजाचा ताम्रपट शक ९३०, म्हणजे इ. स. १००८ चा, अनंतदेवाचा शक १०१६ चा, माघ शुद्ध प्रतिपदेचा. शकात ७८ मिळवून दुसऱ्याचे साल १०९४ असे सर्रास दिले जाते. पण माघ येईपर्यंत इसवी वर्ष बदललेले असते, म्हणून इथे ७९ मिळवायचे, साल १०९५. संवत्सराचा पडताळाही घेता येतो. शकात १२ मिळवून ६० ने भागले की बाकी संवत्सराचा क्रमांक देते. १०२८ ला भागून ८ उरतात. आठवा संवत्सर भाव, आणि ताम्रपटातही भावच आहे. पत्रात एवढेच लिहावे : ‘दोन्ही ताम्रपटांच्या मिती प्रकाशित वाचनावरून इसवी सनात मांडल्या व संवत्सरांशी ताडून पाहिल्या.’ मूळ ताम्रपट हाताळले नसतील, तर ‘प्रकाशित वाचनावरून’ हे शब्द गाळू नयेत. मुलाखतीत पहिला प्रश्न तिथेच येतो.

शिलालेखाचा ठसा घेता येत असल्यास किती घेतले ते सांगावे. भिजवलेला कागद दगडावर बसवून ब्रशने ठोकतात आणि तो थोडा सुकल्यावर शाईचा बोळा फिरवतात. कागद फार ओला राहिला तर शाई फुटते, अनुस्वार आणि मात्रा बुजतात. बिघडलेला ठसा ओळखून पुन्हा घेतल्याचा उल्लेख उमेदवाराने जरूर करावा. ज्याने ते काम केले आहे, त्यालाच हे लिहिता येते.

भाषा : कोणती लिपी सरावाने वाचता येते, कोणती तक्ता समोर ठेवून, हे वेगळे लिहावे.

उपलब्धता : ‘लगेच रुजू होईन’ अपुरे. तारीख, आठवड्याचे दिवस आणि परीक्षेचे आठवडे द्यावेत. कोकणात जून ते सप्टेंबर उघड्यावरचा दगड ठशासाठी क्वचितच कोरडा मिळतो. त्या महिन्यांत वाचन व नोंदींचे काम घरून करता येईल का आणि ऑक्टोबरपासून सलग किती दिवस फिरतीवर राहता येईल, हे आधीच लिहिले तर प्रकल्पप्रमुखाला वेळापत्रक आखता येते.