दहा सेंटचं खेळणं

अब्बांच्या किराणा दुकानात मी संध्याकाळी बसतो. मागच्या वर्षी गल्लीतला सहा-सात वर्षांचा एक मुलगा आजीसाठी दूध आणायला म्हणून पैसे घेऊन आला आणि आत खेळणं असलेल्या कुरकुऱ्यांच्या दोन पुड्या घेऊन गेला. थोड्या वेळाने त्याची आई आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "भाईजान, तुम्ही त्याला दिलंत कसं?"

मी कोणताही नियम मोडला नव्हता. जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत विकू नयेत, असा 2020 चा केंद्राचा नियम आहे. आमचं दुकान त्याच्या दुप्पट लांब आहे. तरी त्या बाईला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून हा इतिहास वाचायला घेतला.

1977 मध्ये अमेरिकेतल्या दोन संघटनांनी फेडरल ट्रेड कमिशनकडे अर्ज केले. त्यांतली एक काही आयांनी 1968 मध्ये सुरू केलेली होती. मुलांच्या कार्यक्रमांत साखर लावलेल्या नाश्त्याच्या आणि मिठाईच्या जाहिरातींचा मारा होतो, ही त्यांची तक्रार होती. 1978 मध्ये आयोगाने प्रस्ताव मांडला : आठ वर्षांखालची मुलं मोठ्या प्रमाणात पाहत असतील तिथे जाहिरातच नको, कारण समोरचा आपल्याला काही विकतो आहे हे त्या वयाला कळत नाही. त्याहून मोठ्या मुलांसमोर दातांना सर्वाधिक अपायकारक अशा गोड पदार्थांची जाहिरात नको.

मोठा गदारोळ झाला. 'वॉशिंग्टन पोस्ट'ने अग्रलेखात आयोगाला देशाची आया म्हणून हिणवलं. पोरांना आवरणं आईबापांचं काम, सरकारचं नव्हे, असा सूर होता. 1980 मध्ये संसदेने कायदा करून आयोगाचे हात बांधले आणि 1981 मध्ये प्रकरण बंद झालं.

मला थबकवलं ते बंद करतानाच्या अहवालाने. आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी त्यात कबूल केलं की सहा वर्षांखालच्या मुलांना जाहिरातीमागचा हेतू समजत नाही आणि ही चिंता खरी आहे. पण लहान मुलं जे कार्यक्रम पाहतात ते मोठेही पाहतात. फक्त लहानग्यांना वगळणारी बंदी लिहायची कशी? म्हणजे चूक मान्य झाली, ती पकडणारा नियम मात्र सापडला नाही. जाहिरातदारांनी याचा अर्थ परवानगी असा घेतला.

नियम सापडला तरी काय होतं, ते सॅन फ्रान्सिस्कोने पाहिलं. 2010 मध्ये त्या शहराने ठरवलं की मुलांच्या जेवणासोबत फुकट खेळणं द्यायचं असेल तर ते जेवण 600 कॅलरींच्या आत हवं, मीठ-चरबीवर मर्यादा हवी, फळं-भाज्या हव्यात. डिसेंबर 2011 मध्ये नियम लागू झाला. मॅकडोनाल्ड्सने जेवण त्या नियमात बसवलं नाही. खेळण्याला दहा सेंट किंमत लावली आणि ती रक्कम धर्मादाय संस्थेला जाईल असं सांगितलं. आता खेळणं फुकट नव्हतं, त्यामुळे नियम लागूच होत नव्हता. अक्षर पाळलं, हेतू पुरला.

हे वाचून मी त्यांच्यावर हसणार होतो, तेवढ्यात माझे 50 मीटर आठवले. मीही तेच करत होतो.

कुरआनात खाण्याविषयी 'हलाल' शब्द येतो तेव्हा अनेकदा त्याला जोडून 'तय्यब' येतो, म्हणजे निर्मळ, चांगलं. पाकिटावर हिरवा ठिपका आहे, परवाना आहे, आत निषिद्ध काही नाही, एवढ्याने पहिला शब्द भागतो. दुसऱ्याचा हिशेब कोणी अधिकारी तपासायला येत नाही. तो दुकानदारालाच करावा लागतो.

आम्ही तीन गोष्टी केल्या. त्या पुड्यांच्या माळा दाराजवळ, मुलाच्या डोळ्यासमोर लटकायच्या, त्या गल्ल्यामागे वरच्या खिळ्याला नेल्या. खेळण्याच्या पुड्या मागवणं थांबवलं. आणि लहान मूल एकटं आलं तर "घरून काय आणायला सांगितलंय?" हे आधी विचारायचं ठरवलं. सेल्समन नाराज झाला. पुढे माळ टांगण्याबद्दल मिळणारी सूटही गेली. अब्बा वहीत बघून म्हणाले, "घाटा आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "चालेल."

समोरच्या दुकानात त्या पुड्या अजून मिळतात. तो मुलगा तिथे जातही असेल. माझ्या खिळ्याने गल्ली सुधारली, असा माझा दावा नाही. पण त्याची आई पुन्हा विचारायला आली, तर अंतर मोजून दाखवण्याची वेळ माझ्यावर येणार नाही.